आधी कपडा, मग अंग

शिंप्याकडे ब्लाऊज शिवायला टाकताना बहुतेक बायका सोबत एक जुना ब्लाऊज नेतात. त्याला ‘मापाचा ब्लाऊज’ म्हणतात. शिंपी तो टेबलावर पसरतो, छाती, कंबर, मुंढा, बाहीचा घेर टेपने घेऊन वहीत टिपतो आणि मग सूचना सुरू होतात. गळा थोडा मोठा हवा, मागची उंची अर्धा इंच वाढवा, आत माया ठेवा. या सगळ्या व्यवहारात कोणी ‘मीडियम’ नसते आणि कोणी ‘एक्स्ट्रा लार्ज’ नसते. आधी अंग असते, मग त्याच्या मापाचा कपडा बेतला जातो. अंग पुढे बदललेच, तर आत ठेवलेली माया उसवून तोच ब्लाऊज पुन्हा बसवता येतो.

पॅरिस किंवा मिलानच्या रॅम्पवर दिसणारा कपडा नेमका उलट्या क्रमाने जन्माला येतो. तो शिवला जातो तेव्हा तो कोण घालणार हे ठरलेलेच नसते. आधी कपडा तयार होतो आणि मग त्यात बसणारे अंग शोधले जाते. रॅम्पवरच्या मुली इतक्या बारीक का असतात, या प्रश्नाचे उत्तर बहुधा सौंदर्याच्या कल्पनांत शोधले जाते. त्या कल्पनांचा वाटा मोठा आहेच. पण त्या ज्या एका वस्तूतून कामाला लागतात, ती वस्तू म्हणजे नमुन्याचा कपडा. फॅशनच्या धंद्यात त्याला ‘सॅम्पल’ म्हणतात. हे सॅम्पल कसे बनते, कुठे कुठे फिरते आणि त्याच्यापासून दुकानातले साइज कसे निघतात, हे एकदा नीट पाहिले की रॅम्पवरची बारीक मुलगी आणि ट्रायल रूममध्ये खट्टू होऊन उभी असलेली गिऱ्हाईक या दोघी एकाच धाग्याला बांधलेल्या आहेत हे कळते.

मोठ्या फॅशन घराण्यांचे कपडे दुकानात येण्याच्या काही महिने आधी रॅम्पवर येतात. पुढच्या उन्हाळ्याचे कपडे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, हिवाळ्याचे फेब्रुवारी-मार्चमध्ये. न्यूयॉर्क, लंडन, मिलान, पॅरिस अशी ही शहरे एकापाठोपाठ एक येतात. शोच्या दिवशी यांतल्या बहुतेक पोशाखांचा एकेकच नग अस्तित्वात असतो. डिझायनरच्या चित्रावरून पॅटर्न कापणारा कारागीर कागदावर आकार काढतो, तो आधी मांजरपाटासारख्या साध्या कापडात शिवून पाहतो, पुतळ्यावर आणि मग एखाद्या मुलीच्या अंगावर चढवून टाचण्या लावतो, पुन्हा उसवतो. आकार पक्का झाला की खरे कापड कापले जाते. ते महाग असते, भरतकाम किंवा मणीकाम असेल तर एका नगाला कैक दिवस लागतात. दुसरा नग दुसऱ्या मापात शिवायला ना वेळ असतो ना पैसा.

इकडे तो घालणाऱ्या मुलींची निवड मात्र शेवटच्या काही दिवसांत होते, कधी आदल्या रात्री. मुली एका शहरातला शो संपवून दुसऱ्या शहरात पोहोचत असतात. कोणाचे विमान चुकते, कोणाला दुसऱ्या घराण्याने आधीच अडकवलेले असते. समजा चाळीस पोशाखांचा शो आहे आणि बाविसाव्या पोशाखाची मुलगी ऐनवेळी गळली. तिच्या जागी दुसरी उभी राहायची, तर तो पोशाख तिला तासाभरात, एखाद्या टाक्यावर बसला पाहिजे. म्हणून सगळे पोशाख एकाच मापाचे आणि सगळ्या मुलीही एकाच मापाच्या असाव्या लागतात. एजन्सीच्या कार्डावर मुलीच्या फोटोखाली उंची, छाती, कंबर आणि नितंबांचे माप छापलेले असते ते यासाठीच. साधारणपणे उंची ५ फूट ९ इंच ते ५ फूट ११ इंच, कंबर २३ ते २५ इंच आणि नितंब ३४-३५ इंचांच्या आत. यांतला नितंबांचा आकडा सर्वांत कडक पाळला जातो. हाडांची ठेवण उपाशी राहून बदलत नाही, त्यामुळे कित्येक मुलींची लढाई याच एका आकड्याशी चालते.

इथे एक सरळ शंका येते. सगळ्यांचे माप एकच हवे हे मान्य, पण ते इतके लहान कशाला? चाळीस पोशाख मध्यम बांध्याच्या मापात शिवले आणि त्याच बांध्याच्या चाळीस मुली आणल्या, तर काय बिघडेल?

पहिले कारण शिवणकामातलेच आहे. छातीचे माप सारखे असलेल्या तीन भरलेल्या बायका प्रत्यक्षात अगदी वेगळ्या असतात. एकीचे अंग पोटाशी भरते, दुसरीचे मांड्यांशी, तिसरीचे दंडांशी. एकीवर बसवलेला कपडा दुसरीच्या मुंढ्यात काचतो आणि कमरेत फुगतो. लांब, अरुंद, वळणे कमी असलेल्या अंगांत हा फरक थोडा राहतो. कापड खांद्यावरून सुटते आणि सरळ खाली येते. टकांची जागा इकडेतिकडे झाली तरी फारसे दिसत नाही. उरेब कापलेले रेशीम अशा अंगावरून पाण्यासारखे उतरते. थोडक्यात, अंग जितके बारीक तितका एकच नग अनेकींना चालतो. घाईने चालणाऱ्या धंद्याला ही सोय फार मोलाची वाटते.

दुसरे कारण डोळ्यांच्या सवयीत आहे. माणसाचे शरीर साधारण साडेसात डोकी उंच भरते. फॅशनचे चित्र मात्र बहुतेक ठिकाणी नऊ डोकी उंचीचे काढायला शिकवले जाते, आणि ही वाढ मुख्यतः पायांत घातलेली असते. डिझायनर विद्यार्थिदशेपासून अशाच आकृतीवर कपडे रेखाटत आलेला असतो. मग त्या रेखाटनाच्या जवळात जवळ जाणारी मुलगी त्याला ‘बरोबर’ वाटते.

तिसरे कारण वयाचे. पंधरा-सोळा वर्षांची उंच मुलगी अजून पूर्ण भरलेली नसते. तिच्यावर बसवलेले सॅम्पल तीच मुलगी वीस वर्षांची झाल्यावर घालू शकेलच असे नाही. मग ती स्वतःला त्या मापात कोंबू पाहते, किंवा तिची जागा दुसरी पंधरा वर्षांची घेते. इथे माणसांचे नुकसान सुरू होते.

या साखळीत जबाबदारी कोणाची? हा धंदा आतून पाहायला अॅशली मिअर्स नावाची समाजशास्त्रज्ञ स्वतः न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये मॉडेल म्हणून उभी राहिली. तिचे ‘प्रायसिंग ब्यूटी’ हे पुस्तक २०११ साली आले. तिला जे आढळले ते कुठल्याही सरकारी कचेरीत हेलपाटे घातलेल्या माणसाला ओळखीचे वाटेल. एजंट म्हणतात, गिऱ्हाइकाला अशाच मुली हव्या असतात. डिझायनर म्हणतात, एजन्सी अशाच मुली पाठवते. मासिकवाले म्हणतात, सॅम्पलच या मापाचे येते. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि सगळे मिळून तेच माप पुढच्या हंगामात नेतात.

मासिकांचे म्हणणे निव्वळ सबब नव्हती, हे २००९ साली उघड झाले. शो संपल्यावर तोच एकुलता नग मासिकांच्या फोटोंसाठी फिरतो, त्यामुळे मासिकालाही त्यात मावणारीच मुलगी घ्यावी लागते. ब्रिटिश ‘व्होग’च्या तेव्हाच्या संपादक अलेक्झांड्रा शुलमन यांनी युरोप-अमेरिकेतल्या बड्या डिझायनरांना पत्र लिहून तक्रार केली की सॅम्पल दिवसेंदिवस इतके लहान होत चालले आहेत की हाडे वर आलेल्या मुलींशिवाय ते कोणाला होत नाहीत. छापण्यापूर्वी फोटोतल्या मुलींना संगणकावर थोडे भरलेले दाखवावे लागते, हेही त्यांनी सांगितले. फोटोत बायकांना बारीक करतात हे सगळ्यांना ठाऊक होते. उलटेही करावे लागत होते, हे या पत्रामुळे बाहेर आले.

तोवर मृत्यू झाले होते. ऑगस्ट २००६ मध्ये उरुग्वेची लुईसेल रामोस ही बावीस वर्षांची मॉडेल मॉन्टेव्हिडिओतल्या शोमध्ये रॅम्पवरून उतरली आणि हृदय बंद पडून गेली. नोव्हेंबरमध्ये ब्राझीलची आना कारोलिना रेस्तोन एकविसाव्या वर्षी अॅनोरेक्सियाने, म्हणजे अन्न टाळत जाण्याच्या आजाराने, गेली. या दोन मृत्यूंच्या मधल्या सप्टेंबरात माद्रिदच्या फॅशन सप्ताहाने १८ पेक्षा कमी बीएमआय असलेल्या मुलींना रॅम्प बंद केला. बीएमआय म्हणजे वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. १७५ सेंटिमीटर उंचीच्या मुलीसाठी हा उंबरठा साधारण ५५ किलोंचा होतो. इस्राएलने २०१२ मध्ये कायदा करून तो १८.५ वर, म्हणजे त्याच उंचीला सुमारे साडेछप्पन किलोंवर नेला.

आकड्याचा नियम तपासायला सोपा, पण त्याला मर्यादा आहेत. काही मुली मुळातच सडपातळ आणि निरोगी असतात. काही जणी आकड्यात बसूनही आजारी असतात, आणि वजनकाट्यावर चढण्याआधी भरपूर पाणी पिऊन काटा फसवता येतो. फ्रान्समध्ये आधी आकड्याचीच चर्चा होती. २०१७ मध्ये प्रत्यक्ष लागू झालेल्या कायद्याने मात्र निर्णय डॉक्टरवर सोपवला. मॉडेलकडे प्रकृती ठीक असल्याचा दाखला हवा, तो देताना डॉक्टरने बीएमआयही पाहायचा. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून जाहिरातीतल्या मॉडेलची शरीरयष्टी संगणकावर बदलली असेल तर तसे फोटोवर छापणे सक्तीचे झाले.

हे सगळे नियम मुलीला तपासतात. सॅम्पलला हात घालणारे पाऊल त्या मानाने कमी गाजले. सप्टेंबर २०१७ मध्ये एलव्हीएमएच आणि केरिंग या फ्रान्सच्या दोन बलाढ्य समूहांनी मिळून एक सनद जाहीर केली. डझनावारी प्रसिद्ध ब्रँड या दोघांच्या मालकीचे आहेत. त्यांनी ठरवले की फ्रेंच ३२ साइजच्या स्त्री-मॉडेल घ्यायच्या नाहीत आणि मोठ्यांचे कपडे सोळा वर्षांखालच्या मुलींना घालायचे नाहीत. म्हणजे किमान माप ३४ झाले. फ्रेंच पद्धतीत दोन लगतच्या साइजमध्ये अंतर सुमारे ४ सेंटिमीटर असते. कपडाच ४ सेंटिमीटरने मोठा शिवा, असे सांगणारा हा नियम दिसायला छोटा आहे, पण साखळीत तो योग्य जागी बसतो. त्याने रॅम्पचे रूप पालटले असे मात्र नाही. ‘व्होग बिझनेस’ने २०२३ च्या सुरुवातीच्या हंगामात मोठ्या चार शहरांतले नऊ हजारांहून अधिक पोशाख मोजले, तेव्हा त्यांतले पंचाण्णव टक्क्यांहून जास्त अमेरिकन ० ते ४ साइजच्या मुलींच्या अंगावर होते. १४ आणि त्यापुढच्या साइजचा वाटा एक टक्काही नव्हता.

आता हाच पोशाख दुकानाकडे निघतो. एका मापातून इतर मापे काढण्याच्या कामाला ‘ग्रेडिंग’ म्हणतात. फ्रेंच ३६ चा झगा धरू: छाती ८४ सेंटिमीटर, कंबर ६४, नितंब ९०. कारागीर पॅटर्नच्या ठरावीक बिंदूंवर ठरावीक वाढ देत जातो. ३८ साठी छाती ८८, ४० साठी ९२, ४२ साठी ९६. ही वाढ चार पाव भागांत वाटली जाते, म्हणजे पुढच्या-मागच्या प्रत्येक अर्ध्या भागाला एका साइजमागे एकेक सेंटिमीटर. दोन-तीन पायऱ्यांपर्यंत हे ठीक चालते. पण ४६ पर्यंत पाच पायऱ्या चढल्या की छातीत २० सेंटिमीटर वाढलेले असतात आणि मूळ आकारातली प्रत्येक चूक पाचपट झालेली असते.

कारण बाई फुग्यासारखी सगळ्या बाजूंनी सारखी वाढत नाही. अंग भरते तेव्हा खांद्याची हाडे होती तिथेच राहतात. पॅटर्न मात्र खांद्यातही वाढत गेलेला असतो. म्हणून मोठ्या साइजमध्ये खांद्याची शिवण दंडावर ओघळते, गळा पसरून ब्राचा पट्टा दिसू लागतो, मुंढा खाली उतरून हात वर केला की अख्खा कपडा वर ओढला जातो. छातीचा टक छातीच्या टोकाकडे जाण्याऐवजी भलतीकडे संपतो. अशा वेळी बाईला वाटते, आपलेच अंग चुकीचे. ओळखायची खूण सोपी आहे. खांद्याची शिवण हाडाच्या टोकाच्या पुढे गेलेली असेल आणि तरीही छातीवर आडव्या चुण्या पडत असतील, तर तो कपडा फार लांबच्या सॅम्पलवरून वाढवत आणलेला आहे. जे ब्रँड हे काम मनापासून करतात ते मोठ्या मापांसाठी वेगळा मूळ पॅटर्न बनवतात आणि तो भरलेल्या अंगाच्या मॉडेलवर बसवून पाहतात. त्याला दुसरे सॅम्पल लागते, दुसरी मॉडेल लागते, पैसे लागतात.

मापे काढून झाली की लेबल लागते, आणि लेबलवरच्या आकड्याची गोष्ट स्वतंत्र आहे. वरच्याच झग्याचे फ्रेंच ३६ हे इटलीत ४० होते, जर्मनीत ३४, ब्रिटनमध्ये ८ आणि अमेरिकेत साधारण ४. अमेरिकेत टपालाने तयार कपडे मागवण्याचा धंदा वाढला तेव्हा न बसलेले कपडे परत येण्याचा खर्चही वाढला. त्यावर उपाय म्हणून तिथल्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांच्या देखरेखीखाली सुमारे पंधरा हजार स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली. हिशेबात मात्र फक्त गोऱ्या स्त्रिया धरल्या. त्यातून पुढे १९५८ मध्ये सरकारी प्रमाण ठरले. त्यात ८ नंबर म्हणजे छाती ३१ इंच आणि कंबर साडेतेवीस. हे प्रमाण कोणी पाळत नाही हे दिसल्यावर १९८३ मध्ये सरकारने ते मागे घेतले आणि आकडा पूर्णपणे ब्रँडच्या मर्जीवर गेला. गिऱ्हाइकाला लहान आकड्यात बसल्याचा आनंद होतो, हे दुकानदारांनी ओळखले होते. त्यामुळे कपडे मोठे होत गेले आणि आकडे तेच राहिले. १९५८ च्या ८ नंबरची मुलगी आज अमेरिकन दुकानात गेली तर तिला शून्य नंबरही सैल होईल. ‘साइज झीरो’ हा शब्द जन्मला तो असा, खालचे आकडे संपत आले म्हणून.

रॅम्प झाला, दुकान झाले; उरतो कॅटलॉग. रॅम्पची मुलगी प्रतिष्ठेसाठी थोड्या पैशांत उभी राहते, कॅटलॉगचे काम तुलनेने नियमित आणि बऱ्या मोबदल्याचे. तिथल्या मुली रॅम्पपेक्षा किंचित भरलेल्या चालतात, पण कारण तेच राहते. एका दिवसात डझनावारी कपडे एकाच मुलीवर टिपायचे असतात आणि ते सगळे एकाच मापात आलेले असतात. सैल पडेल तिथे पाठीमागे चिमटे लावून कापड ओढून घेतात. समोरून कपडा अंगाबरोबर बसलेला दिसतो आणि पाठीवर चिमट्यांची रांग असते. मोठ्या मापांच्या मॉडेलनाही कधी कधी कपड्याआतून गाद्या बांधतात, म्हणजे चेहरा, मान बारीक राहते आणि कपडा भरतो.

मराठी गिऱ्हाइकाला हे सगळे मोबाइलच्या पडद्यावर भेटते. कुर्त्याच्या फोटोखाली ओळ असते: मॉडेलची उंची ५ फूट ९ इंच, साइज एस. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे पाच फुटांची. ४६ इंच लांबीचा जो कुर्ता फोटोत पोटरीच्या मध्यावर थांबतो, तो घरी आल्यावर घोट्याला टेकतो. शिवाय साइजच्या तक्त्यातले ‘३८’ हे अंगाचे माप की शिवलेल्या कपड्याचे, हे प्रत्येक ब्रँडचे वेगळे. अंगाचे ३८ असेल तर कपडा चाळीस-एक्केचाळीस इंच भरेल, कपड्याचे असेल तर ३६ छातीच्या बाईलाच तो सुखाने होईल. तक्ता कशाचा आहे हे लिहिलेले नसेल, तर अंगात नीट बसणारा एखादा कुर्ता सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजावा, दुप्पट करावे आणि तो आकडा कपड्याच्या मापाशी ताडून पाहावा.

भारताचे स्वतःचे प्रमाण नसल्याने इथले ब्रँड ब्रिटिश आणि अमेरिकन तक्ते थोडे इकडेतिकडे करून वापरत आले. ते बदलावे म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निफ्टने, ‘इंडियासाइज’ हा प्रकल्प २०१८ मध्ये जाहीर केला. मुंबईसह सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या पंचवीस हजार स्त्री-पुरुषांची शरीरे त्रिमिती स्कॅनरने मोजायची, असा त्याचा बेत होता. त्यातून खांदा, छाती आणि नितंब यांची इथल्या अंगांतली प्रमाणे कळावीत आणि तक्ता त्यावर बेतता यावा, हा हेतू. तो तक्ता हातात घेऊन कारखान्यातला पॅटर्नवाला पहिले सॅम्पल कोणत्या मापात कापतो, हे पाहावे लागेल. त्याने पुन्हा सर्वांत लहान मापापासूनच सुरुवात केली, तर पंचवीस हजार अंगे मोजूनही मोठ्या मापाची शिवण दंडावरच ओघळेल. त्याने मधले माप घेतले, मांजरपाटाचा पहिला नग मधल्या बांध्याच्या बाईच्या अंगावर चढवून टाचण्या लावल्या, तर दोन्हीकडच्या साइजना कमी पायऱ्या चढाव्या लागतील.